लग्नाआधीचे पाच आठवडे, ज्यूस आणि केळवणं

प्रश्न: पाच आठवड्यांवर लग्न आलंय. वजन ७२ आहे, दहा किलो तरी कमी करायचंय. नुसत्या ज्यूसवर राहिलं तर होईल का?

दहा नाही होणार. अडीच-तीन होईल. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. दहा किलोच्या झाल्या ७७ हजार, त्या पस्तीस दिवसांवर वाटल्या की रोजच्या २२००. तुमच्या वजनाच्या बाईचं शरीर दिवसभरात एवढ्या क्वचितच खर्च करतं. म्हणजे अगदी पाण्यावर राहिलात तरी हिशेब जुळत नाही.

ज्यूसचा प्रयोग मी माझ्या लग्नाआधी करून बसलेय. तेव्हा सहा आठवडे हातात होते आणि वजन ७०.५ होतं. सहा दिवस दुधी, काकडी आणि मोसंबीच्या रसावर काढले, काटा ६७.६ वर आला. घरभर सांगत सुटले! मग शनिवार-रविवारी दोन केळवणं झाली, एक आत्याकडे आणि एक मामांकडे. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. सोमवारी काटा ६९.८.

दोन दिवसांत दोन किलो चरबी चढत नाही, तशी ती सहा दिवसांत तीन किलो उतरलेलीही नव्हती. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं तोडलं की आधी हा साठा पाण्यासकट जातो, पोटही रिकामं असतं, आणि काटा भराभर खाली येतो. नीट जेवलात की सगळं परत. म्हणून पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर नाचू नका.

महिनाभर उपाशी राहण्याचा खरा तोटा लग्नानंतर दिसतो. माझ्या मावसबहिणीने तसं केलं आणि अडीच महिन्यांनी न्हाताना केसांचे पुंजके हातात यायला लागले. अशी गळती दोन-तीन महिने उशिराच सुरू होते, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडेही होतात.

उरलेल्या पाच आठवड्यांत मी जेवण तेच ठेवलं, मोजून घेतलं. रोज चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर होती. दोन कपांवर आले, साखर अर्धा चमचा. ज्वारीची भाकरी सोडली नाही, दोनाची दीड केली आणि वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी ठेवलीच, कारण त्याने पोट भरलेलं राहतं. आपल्याकडचा लपलेला चोर म्हणजे शेंगाचटणी. दोन मोठे चमचे चटणी आणि वरून तेल, एवढ्यात अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे एका भाकरीहून जास्त. मी एक लहान चमचा घ्यायचे, दह्यात कालवून. सकाळी सहाला सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला पाऊण तास चालायचे. सोलापूरच्या उन्हात आठनंतर चालणं म्हणजे शिक्षाच.

केळवणं टाळता येत नाहीत, टाळूही नका, आत्या-मावश्या रुसतात. त्या दिवशी सकाळी उपाशी राहण्याची चूक मात्र करू नका. भुकेने गेलं की तीन पोळ्या कधी जातात कळत नाही. मी निघण्याआधी ताक आणि मूठभर फुटाणे खायचे, तिथे एक पुरणपोळी तुपासकट मजेत, आणि दुसरी वाढायला आल्या की पानावर हात आडवा. आठवड्याला एकच केळवण घ्यायचं असं आईने सगळ्यांना परस्पर कळवून टाकलं, ते फार कामी आलं.

वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. पाळीच्या आधी काटा किलोभर वर दाखवतो, ते पाणी असतं. माझा चौथ्या आठवड्यात असाच वर गेला होता आणि मी रडले होते. शेवटी ६६.९ भरलं. म्हणजे पाच आठवड्यांत २.९, आणि कंबर दोन इंच कमी.

थायरॉइडची, शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कुणी डब्यातली पावडर किंवा चरबी वितळवणारी गोळी दिली तर घेऊ नका.

आणि ब्लाउज आत्ता घट्ट मापाने शिवायला टाकू नका. आजच्या मापाने शिवून घ्या, दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवायला सांगा आणि शेवटचं फिटिंग लग्नाच्या आठ दिवस आधी करा. माझ्या टेलरकाकांनी तेव्हा अर्धा इंच आत घेतला, बाकीची माया तशीच ठेवली. वर्षभराने ती उसवावी लागली.