पगार तीस टक्क्यांनी वाढला, कर दुप्पट झाला

प्रश्न: मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे, वय 41. मानेवाड्याला वडिलांच्या घरी राहतो, कर्ज काही नाही. 2019-20 मध्ये वर्षाचा पगार साडेअकरा लाख होता, 2025-26 मध्ये 15 लाख झाला. मी जुन्या करप्रणालीत आहे. 80सी मध्ये पीएफचे 90 हजार आणि विमा पॉलिसीचे 60 हजार दाखवतो. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये गेल्यापासून पगारवाढ हाताला लागतच नाही. एजंट म्हणतो, वर्षाला एक लाखाची आणखी एक पॉलिसी घ्या, कर वाचेल. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. 80सीची मर्यादा दीड लाख आहे आणि ती तुमच्या पीएफने आणि पहिल्या पॉलिसीने आधीच भरली आहे. नव्या पॉलिसीच्या एक लाखावर तुमचा एक रुपयाही कर कमी होणार नाही. हे एजंटला माहीत नसेल तर त्याने पॉलिसी विकू नये, आणि माहीत असेल तर त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पगारवाढ हाताला लागत नाही हे मात्र तुमचे खरे आहे. आधी एक गैरसमज काढून टाकू. 30 टक्के दर सगळ्या पगारावर लागत नाही, 10 लाखांच्या वरच्या करपात्र रकमेवरच लागतो. त्यामुळे वरच्या स्लॅबमध्ये गेलो म्हणून हातात येणारा पगार आधीपेक्षा घटला, असे तुमच्या बाबतीत होत नाही. नुकसान दुसरीकडे आहे.

2019-20 मध्ये साडेअकरा लाखांतून 50 हजारांची प्रमाणित वजावट आणि दीड लाख 80सी वजा जाऊन साडेनऊ लाख करपात्र राहिले. उपकर धरून कर झाला सुमारे 1 लाख 7 हजार. 2025-26 मध्ये त्याच दोन वजावटी, तेच टप्पे, तेच दर. करपात्र 13 लाख, कर सुमारे 2 लाख 11 हजार. पगार 30 टक्क्यांनी वाढला आणि कर जवळजवळ दुप्पट झाला.

आता महागाई बघा. आयकर खाते दरवर्षी महागाईचा एक निर्देशांक जाहीर करते. तो 2019-20 ला 289 होता, 2025-26 ला 376, म्हणजे 30 टक्के वाढ. तुमचा पगारही तेवढाच वाढला. 2019 साली साडेअकरा लाखांत जे येत होते तेच आज 15 लाखांत येते. खरी वाढ शून्य. तेव्हा कर भरून हातात 10 लाख 43 हजार उरत होते. त्याच ताकदीचे पैसे आज साडेतेरा लाखांच्या थोडे वर जातात, आणि तुमच्या हातात उरतात 12 लाख 89 हजार. साधारण 67 हजारांनी तुम्ही मागे गेलात, आणि पगारपत्रकावर मात्र बढतीच दिसते. हा निर्देशांकही कायद्याने महागाईच्या पाऊण हिश्शावरच बेतलेला आहे, म्हणून हा तोटा मी कमीच धरला आहे.

याला ब्रॅकेट क्रीप म्हणतात. दर कोणी वाढवला नाही, संसदेत त्यावर मतदान झाले नाही. टप्पे जागेवर राहिले, रुपया स्वस्त झाला आणि तुम्ही वरच्या टप्प्यात ढकलले गेलात. जुन्या प्रणालीत 30 टक्क्यांची 10 लाखांची रेघ 2012-13 पासून हललेली नाही. त्या वर्षी निर्देशांक 200 होता. रेघ महागाईबरोबर चालली असती तर 2025-26 मध्ये ती 18 लाख 80 हजारांवर असती आणि तुम्ही 30 टक्क्यांच्या आसपासही नसता.

उपाय म्हणजे टप्पे आणि वजावटी दरवर्षी निर्देशांकाने आपोआप वाढवणे. अमेरिकेने 1981 च्या कायद्याने हे ठरवले आणि 1985 पासून लागू केले. पुढच्या वर्षाचे टप्पे तिथे दरवर्षी आधीच जाहीर होतात. तुमचे टप्पे आणि वजावटी 2019-20 पासून 30 टक्क्यांनी वाढवल्या असत्या, तर आजचा कर 2 लाख 11 हजारांऐवजी 1 लाख 40 हजारांच्या आत राहिला असता. महागाईच्या वर खरी पगारवाढ मिळाली तर टप्पा तेव्हाही बदलेल, आणि तो बदलावाच. जोडणीने फक्त महागाईचा भाग बाजूला निघतो. कोणता निर्देशांक धरायचा यावरही बरेच अवलंबून असते. अमेरिकेने 2018 पासून हळू वाढणारा निर्देशांक घेतला, तेव्हापासून टप्पेही हळू सरकतात.

आपल्याकडे अशी जोडणी नाही. सरकार मधूनमधून टप्पे हलवते, आणि अलीकडे ते नव्या करप्रणालीत हलवले आहेत. तुमची मोठी चूक इथे आहे, आणि ती तुम्ही विचारलेली नाही.

15 लाखांतून नव्या प्रणालीची 75 हजारांची प्रमाणित वजावट काढा: 14 लाख 25 हजार. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर 5 टक्के, त्यापुढच्या चारवर 10, उरलेल्या सव्वादोन लाखांवर 15. उपकरासह 97,500 रुपये. जुन्या प्रणालीत 2 लाख 11 हजार. एका वर्षात 1 लाख 13 हजारांचा फरक! 60 हजारांचा हप्ता करासाठी दाखवता यावा म्हणून तुम्ही त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम जास्तीच्या करात भरत आहात. तुमच्या पगारावर जुनी प्रणाली बरोबरीला यायची, तर प्रमाणित वजावटीशिवाय साडेपाच लाखांच्या आसपास वजावटी हव्यात. त्या घरभाडे भत्ता आणि गृहकर्जाचे व्याज असलेल्यांकडे असतात. तुमच्याकडे दीड लाख आहेत.

ऑफिसला जुनी प्रणाली कळवली असली तरी अडत नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला विवरणपत्र भरताना नवी निवडता येते, आणि जास्तीचा कापलेला कर परतावा म्हणून मिळतो. एप्रिलमध्ये ऑफिस पुन्हा विचारेल, तेव्हा नवी लिहून द्या.

नवी प्रणालीही निर्देशांकाला जोडलेली नाही, हे विसरू नका. टप्पे असेच राहिले आणि पगार नुसता 5 टक्के महागाईने वाढत गेला, तर सहा वर्षांत तो 20 लाख होईल आणि कर 97 हजारांवरून 1 लाख 92 हजारांवर जाईल. पुन्हा दुप्पट, पुन्हा खरी वाढ नसताना. म्हणून निवृत्तीचा हिशेब मांडताना आजचा साडेसहा टक्क्यांचा कर पुढची वीस वर्षे धरू नका. दहा टक्के धरा.

जुन्या पॉलिसीचे विमाछत्र बहुधा सहा-सात लाखांचे असेल. 15 लाख कमावणाऱ्याच्या कुटुंबाला ते सहा महिनेही पुरत नाही. दीड-दोन कोटींचा साधा मुदत विमा आधी घ्या, तो हातात आल्यावर विमा कंपनीकडून या पॉलिसीची सरेंडर किंमत आणि पेड-अप किंमत लेखी मागवा. परतावा पाच-सहा टक्क्यांचा निघाला आणि बरीच वर्षे उरली असतील, तर हप्ता थांबवून ती पेड-अप करा. मुदत संपायला दोन-तीनच वर्षे असतील तर पूर्ण करा. आकडे आले की मला कळवा. तोवर एजंटकडच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.