दहा टक्के पडलं म्हणून विकू नकोस

बाळा,

काल फोनवर 'सगळं काढून टाकतो' म्हणालास. आधी हिशेब बघ. निफ्टी इंडेक्स फंडात तू 250 च्या एनएव्हीने 5 लाख घातलेस, म्हणजे 2,000 युनिट. आज एनएव्ही 225 आहे, पण युनिट 2,000 च आहेत. आता विकलेस तर हातात साडेचार लाख येतील. बाजार सावरल्यावर 240 ला परत शिरलास, तर त्यात 1,875 युनिटच बसतील. एनएव्ही पुन्हा 250 झाली की तुझे होतील 4,68,750. न विकणाऱ्याचे पाच लाख पूर्ण. 'खाली आल्यावर परत घेईन' म्हणणारे लोकलमध्ये रोज भेटतात. वेळेवर घेणारा क्वचितच.

मार्च 2020 मध्ये निफ्टी जानेवारीच्या शिखरावरून जवळपास 38 टक्के घसरला होता. त्याच नोव्हेंबरमध्ये त्याने नवा उच्चांक गाठला. दर वेळी इतक्या लवकर सावरेलच असं नाही, वर्षंही लागतात.

हे इंडेक्स फंडापुरतं. एखाद्या कंपनीचा शेअर कर्जापायी पडला असेल, तर तो परत येईलच असं नाही. आणि ठाण्याच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट यातूनच द्यायचं असेल, तर तेवढी रक्कम काढून एफडीत टाक. बाकीच्याला हात लावू नकोस, एसआयपीही चालू ठेव.

आई विचारतेय, रविवारी येतोयस ना?

— बाबा