सोफ्याचा हात आणि चिंगीचा खांब

"घोडबंदर रोडला राहतो. दोन वर्षांची मांजरी आहे, चिंगी. दिवाळीत नवा सोफा घेतला, त्याच्या एका हाताच्या चिंध्या केल्यात तिने. खास तिच्यासाठी नखं घासायचा खांब आणला, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ओरडलं, पाणी उडवलं, तर रात्री सगळे झोपल्यावर येऊन ओरबाडते. शिवाय सासूबाईंच्या मांडीवर बसून पंजे रुतवत राहते, त्यांचे पाय ओरखडलेत. तिला काही होतंय का?"

या ताईंना आम्ही आधी तीन गोष्टी पाठवायला सांगितल्या: सोफ्याचा फोटो, खांबाचा फोटो, आणि चिंगी कधी कधी नखं मारते याची तीन दिवसांची नोंद. तिसऱ्या दिवशी उत्तर जवळजवळ त्यातच होतं. सकाळी झोपेतून उठल्या उठल्या एकदा, आणि संध्याकाळी सात-साडेसातला दारात किल्ली वाजली की एकदा. जागा तीच, दारातून आत आल्यावर पहिल्यांदा दिसणारा सोफ्याचा हात.

झोपून उठलेली मांजर नखं अडकवून अंग ताणते, तेव्हा तिचे खांदे, पाठ आणि पुढचे पाय मोकळे होतात. ओढताना नखावरचं जुनं कवच सुटतं. सोफ्याखाली झाडू मारताना चंद्रकोरीसारखी, आतून पोकळ टरफलं सापडतात, ती हीच. ताईंना वाटलं होतं, नखंच तुटून पडतायत. तिसरं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं: पंजांच्या गाद्यांच्या मधे गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. ओरखडा दिसतो आणि वासही राहतो, म्हणजे ही जागा माझी अशी खूण होते. म्हणून ती खूण कोपऱ्यात नाही, घराच्या वर्दळीच्या जागी पडते. घरातलं माणूस परत आल्याची लगबगही त्यात मिसळते. यात राग नाही आणि सूडही नाही.

मांडीवरचं प्रकरण वेगळं आहे. पिल्लू दूध पिताना आईच्या पोटावर आळीपाळीने पंजे दाबतं, त्याने दूध उतरतं. मोठेपणीही मऊ आणि उबदार काही मिळालं की तीच हालचाल परत येते, कणीक तिंबल्यासारखी. चिंगी सासूबाईंच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून, घुरघुरत हे करते. हे सुखाचं लक्षण आहे. तिला ढकलू नये, ओरडू तर नयेच. आजींच्या मांडीवर घडी घातलेली जुनी गोधडी ठेवायला सांगितलं, आणि दर दोन आठवड्यांनी पुढच्या पंजांच्या नखांची टोकं कापायला. कापायचं ते फक्त पारदर्शक आकड्याचं टोक, एक-दोन मिलिमीटर. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तिथे रक्त येतं. कात्री मांजरांच्या नखांचीच हवी, माणसांच्या नेलकटरने नख चेपून चिरतं. एका बैठकीत दोनच नखं झाली तरी चालेल.

आता त्या आणलेल्या खांबाकडे. उंची 45 सेंटिमीटर, अंगाला मखमली फर, वर लोंबणारा चेंडू, ठेवलेला बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे. एका बोटाने ढकलला तरी डुलत होता. चिंगीने त्याच्याकडे पाठ फिरवली यात तिचं काही चुकलं नाही. भिंतीवर खाऊ धरून तिला मागच्या पायांवर उभं केलं, तेव्हा तिचे पुढचे पंजे 78 सेंटिमीटरपर्यंत पोचले. 45 च्या खांबावर अंग ताणताच येत नाही. फरमध्ये नख अडकून धागा तुटत नाही, नुसतं घसरतं. आणि अंगाचा भार टाकल्यावर जे हललं, त्यावर मांजर सहसा पुन्हा भरवसा ठेवत नाही. सोफा मात्र जड, जाड विणीचा आणि अगदी मोक्याच्या जागी!

बाजारात उंच आणि जड खांब मिळतात, पण इथे सुताराकडून करून घेणं स्वस्त पडलं. चार इंच बाय चार इंचाचा चिडाचा खांब, 90 सेंटिमीटर उंच. खाली 18 मिलिमीटर प्लायची चौकोनी पाटी, खालून चार लांब स्क्रूंनी आवळलेली. सुताराने पाटी आधी 30 सेंटिमीटरची केली. चिंगीने दुसऱ्याच दिवशी भार टाकला, खांब कलंडला, आणि दोन दिवस ती त्या खोलीत फिरकली नाही. मग पाटी 50 बाय 50 ची केली. जोरात ओढून बघायचं काम मांजरीच्या आधी माणसाने करावं.

गुंडाळायला सिसलची दोरी घ्यावी, 10 मिलिमीटर जाडीची. काथ्याची दोरी स्वस्त असते, पण तिचा भुसा फार पडतो आणि पावसाळ्यात तिला बुरशीचा वास येतो. या खांबाला एका वेढ्याला साधारण 43 सेंटिमीटर दोरी लागते. वरून खाली 80 सेंटिमीटर गुंडाळायचं तर 80 वेढे, म्हणजे सुमारे 35 मीटर; 40 मीटर आणलेली बरी. सुरुवातीचं टोक छोट्या खिळ्याने ठोकायचं, सात-आठ वेढ्यांपुरता सुताराचा पांढरा गोंद लावत जायचं, वेढे एकमेकांना घट्ट भिडवायचे. सैल राहिले तर दोरी सरकते आणि मधेच नख अडकतं. खिळ्याचं डोकं बाहेर राहता कामा नये. गोंद एक दिवस पूर्ण वाळू द्यावा.

खांब ठेवला तो सोफ्याच्या त्याच हाताला लागून, दाराच्या बाजूला. ताईंचा जीव खालीवर झाला, कारण हॉलच्या मधोमध खांब! पण जागा हेच अर्धं काम आहे. फाटलेल्या हातावर जाड प्लास्टिकचं कव्हर ताणून बसवलं, त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, कापडावर नाही. लोंबणारे धागे झाकले गेले आणि पंजाला चिकट लागू लागलं. चिंगीला हाताने धरून तिचे पंजे खांबावर घासायचे नाहीत, हे दोनदा सांगावं लागलं, कारण घरातल्या मुलाने पहिल्या दिवशी तेच केलं होतं आणि ती पळाली होती. त्याऐवजी सकाळी ती उठायच्या वेळी दोरीला बांधलेलं पीस खांबावर वरपर्यंत फिरवायचं. तिने पकडायला पंजे टाकले की नखं आपोआप रुततात. लगेच खाऊचा एक दाणा.

पाचव्या दिवशी तिने स्वतःहून खांबावर नखं मारली. तीन आठवडे सोफ्याकडे गेली नाही, मग टेप काढली, कव्हर अजून ठेवलं. खांब आठवड्याला बोटभर सरकवत भिंतीकडे नेला; एकदम हलवला असता तर ती सोफ्याकडेच परतली असती. काही मांजरांना उभं नाही, आडवं आवडतं. पायपुसणं, गालिचा फाडणाऱ्यांसाठी जमिनीवर पन्हळी पुठ्ठ्याची पाटी ठेवावी. दोन मांजरी असतील तर एका खांबावर भागत नाही.

नखं मारणं अचानक फार वाढलं आणि सोबत भिंतींवर लघवीची पिचकारी दिसू लागली, तर घरात नवीन काय घडलंय ते शोधावं आणि डॉक्टरांना दाखवावं. म्हातारी मांजर नखं घासायची थांबली तर सांधेदुखी असू शकते. तिची नखं वळून पंजाच्या गादीत शिरू शकतात, म्हणून ती पाहत राहायला हवीत. पंजे दाबताना लोकर चोखून धागे गिळत असेल तर ते कापड काढून घ्यावं, धागा आतड्यात अडकू शकतो.

आठ महिन्यांनी ताईंनी विचारलं, दोरीच्या चिंध्या झाल्यात, खांब टाकू का? टाकू नका. त्या चिंध्यांत तिची खूण आणि वास आहे. खालच्या अर्ध्या भागात नवी दोरी घाला, वरचा जुना भाग आणखी महिनाभर तसाच राहू द्या.