भाड्याचं घर, आपल्या आवडीचा रंग

घरमालक फोनवर म्हणाले, "लावा हवा तो रंग, फक्त जाताना पांढरा करून द्या." एवढं पुरे आहे का? (घोडबंदर रोड, ठाणे)

पुरे नाही. तुमच्या लिव्ह अँड लायसन्स करारात बहुधा "मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नये" असं कलम असेल, आणि डिपॉझिट परत देताना मालक त्याच कलमावर बोट ठेवतात. करार पुन्हा नोंदवायची गरज नाही. साध्या कागदावर चार-पाच ओळी लिहा, दोघांनी सही करा, त्याचा फोटो दोघांकडे राहू द्या. कुठली खोली, कुठली भिंत, कुठला रंग, परत रंगवायचा खर्च कोणाचा आणि भिंत परत न रंगवल्यास डिपॉझिटमधून किती कापायचे, हे सगळं त्यात यावं.

खरा घोटाळा "पांढरा" या शब्दात आहे. बहुतेक घरांत भिंत पांढरी दिसते, पण ती असते ऑफ-व्हाइट, आणि त्यातही डझनभर छटा मिळतात. मालकांकडे जुना डबा असेल तर झाकणावरचा शेड नंबर कागदात लिहा. नसेल तर नवा रंग लावण्याआधी दाराआडच्या कोपऱ्यातून नाण्याएवढा पापुद्रा ब्लेडने अलगद काढून रंगाच्या दुकानात न्या. मशीनवर छटा जुळवून देतात. तो नंबर आजच लिहून ठेवा, कारण एकदा ती भिंत रंगली की जुळवायला नमुनाच उरत नाही.

आणि हो, भिंतीवर ओल असेल, रंग फुगला असेल किंवा पांढरी पूड सुटत असेल, तर तिचे फोटो तारखेसह आधी मालकांना पाठवा. ती गळती बुजवणं तुमचं काम नाही. तुम्ही त्यावर रंग मारलात तर पहिल्याच पावसात पापुद्रे सुटतील आणि दोष तुमच्या रंगाला लागेल.

गडद निळी भिंत परत ऑफ-व्हाइट करायची आहे. पेंटर म्हणतो दोन हात मारले की झालं. करार जुलैअखेर संपतोय. (खारघर)

नुसते दोन हात मारून भागणार नाही. फिकट रंगाची झाकण्याची ताकद कमी असते, त्यामुळे निळा खालून डोकावत राहतो आणि भिंत राखाडी दिसते. आधी पॉलिश पेपरने भिंत हलकी घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, खिळ्यांची भोकं पुट्टीने भरा. मग पांढऱ्या प्रायमरचा एक हात, तो वाळल्यावर ऑफ-व्हाइटचे दोन हात. भिंत १० फूट रुंद आणि ९ फूट उंच, म्हणजे ९० चौरस फूट धरू. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १०० ते १२० चौरस फूट निघतात. दोन हातांना दीड ते पावणेदोन लिटरच्या आसपास लागेल, म्हणून दोन लिटर घ्या. प्रायमर एक लिटर पुरेल. प्रायमरनंतरही निळी झाक दिसत असेल तर प्रायमरचाच दुसरा हात मारा, महागडा रंग वाढवू नका.

जुलैचा मुद्दा मात्र मोठा आहे. डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ कोरड्या हवेचा असतो. पावसाळ्यात पंखा लावूनही एका दिवशी एकच हात धरून चाला. घासणं, प्रायमर, दोन हात आणि तपासणी मिळून किमान पाच दिवस हाताशी ठेवा. ३० तारखेला सुरुवात करू नका. काम झाल्यावर दिवे बंद करून खिडकीच्या आडव्या उजेडात भिंत बघा. छताची कड आणि स्विचबोर्डाभोवतीच निळी रेघ सर्वात आधी दिसते.

मी माझी एक भिंत नीट परत रंगवली, तरी मालक म्हणतात बाकीच्या तीन भिंतींशी जुळत नाही, अख्खा हॉल रंगवून द्या. (कोपरखैरणे)

भिंत जुळत नाही हे खरं असू शकतं. शेड नंबर तोच असला तरी बाकीच्या भिंती काही वर्षांत पिवळसर झालेल्या असतात. पण ती झीज घरात राहण्याने झालेली आहे. तुम्ही त्या भिंतींना हात लावलेला नाही. करारात "नेहमीची झीज वगळून" असे शब्द असतील तर ते दाखवा. परवानगीच्या कागदावर फक्त एका भिंतीचा उल्लेख असेल, तर तुमची जबाबदारी तिथेच संपते. कागद नसेल तर भांडण वाढवण्याऐवजी मधला मार्ग सुचवा: रंगाचा खर्च त्यांचा, मजुरी तुमची. अख्ख्या हॉलचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे ठरलं, तर पेंटरचं लेखी कोटेशन मागा आणि त्यात तुमच्या भिंतीचा आकडा वेगळा लिहून घ्या.

सोसायटीची परवानगी लागते का? (ऐरोली)

घरातल्या भिंतींना साधारणपणे लागत नाही. पेंटरची गेटवर नोंद करा आणि कामाच्या वेळा सेक्रेटरींना विचारून घ्या. गॅलरीची बाहेरून दिसणारी बाजू मात्र रंगवू नका. तिथे मालकांची संमतीही पुरणार नाही.