रात्रीची लघवी आणि बारीक धार
"वडील ६८ वर्षांचे आहेत. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात, धारही बारीक झाली आहे. प्रोस्टेट वाढली असेल का?"

बारीक धारेमुळे ती शक्यता बरीच आहे. रात्री उठण्याचे कारण मात्र वेगळेही असू शकते. वडिलांनी तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळेसह लिहून ठेवावी. दर वेळी ती थोडीथोडीच होत असेल, तर मूत्राशय नीट रिकामे होत नसावे. पण सकाळच्या पहिल्या लघवीसह रात्रीचे प्रमाण चोवीस तासांच्या एक-तृतीयांशाहून अधिक भरले, तर मधुमेह, पायांवरची सूज किंवा संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी यांचाही विचार करावा लागतो, कारण प्रोस्टेटच्या औषधाने ते प्रमाण घटत नाही. ही नोंद मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांपैकी काहींमुळे लघवी अडकते, आणि ती पूर्ण थांबली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.