काकूंनी सूप कधी आणले होते?

"ताई, गणपतीच्या आधी आई घरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ती नौपाड्यातल्या तिच्याच घरी राहिली. मी ऐरोलीला राहतो. सकाळ-संध्याकाळ कशीबशी जमवली, रात्रीला बाई ठेवली, पण दुपार समोरच्या काकूंनी पाच आठवडे सांभाळली. साडेबाराला वरणभात घेऊन यायच्या आणि आईची हाक ऐकू यावी म्हणून दोन्ही घरांची दारं उघडी ठेवायच्या. आता आई काठी घेऊन चालते. काकूंचे दोन डबे अजून आमच्याकडेच आहेत. मला लिहायची सवय नाही, म्हणून आभाराचं पत्र एआयकडून करून घेतलं. बायको म्हणते, हे तुझं वाटत नाही, सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटतं. मला तर चांगलं वाटलं. मसुदा सोबत जोडलाय. ते यंत्राने लिहिल्यासारखं वाटतं का, आणि वाटत असेल तर त्यात काय घालू?"
— ऐरोलीहून एक मुलगा

तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे, आणि नोटिशीची उपमा तर त्यांना नेमकी सुचली आहे. वाचकांनाही पाहता यावा म्हणून तुमचा मसुदा मी येथे जसाच्या तसा देते.

"आदरणीय काकू, आपण या कठीण काळात दाखवलेल्या अमूल्य सहकार्याबद्दल मी आपले मनःपूर्वक आभार व्यक्त करू इच्छितो. आपण केवळ शेजारी नसून आमच्या कुटुंबाचा अविभाज्य भाग आहात. आपण रात्रंदिवस घेतलेली काळजी, आपल्या हातचे गरमागरम सूप आणि आपले प्रेमळ शब्द आमच्या हृदयात कायमचे कोरले गेले आहेत. आपले प्रेम, आपुलकी आणि माणुसकी आम्हाला सदैव प्रेरणा देत राहील."

आता एक छोटा प्रयोग करा. 'काकू' हा शब्द खोडून तेथे तुमच्या सोसायटीच्या सचिवांना बसवा आणि त्यांनी बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करून घेतली आहे असे समजा. पहिले वाक्य जसेच्या तसे चालते. दुसरे, "आपण केवळ सचिव नसून" असे सुरू होऊन, दुर्दैवाने तेही चालते. चौथ्यालाही काही अडचण येत नाही. ज्या वाक्यातले नाव बदलले तरी वाक्याला काहीच होत नाही, ते वाक्य तुम्ही काकूंसाठी लिहिलेले नाही, एवढे पक्के समजा. या चाळणीतून तुमच्या मसुद्यातले फक्त तिसरे वाक्य उरते, आणि खरी पंचाईत त्या वाक्यातच आहे.

काकूंनी सूप कधी आणले होते? तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात वरणभात आहे. यंत्राला तुम्ही बहुधा एवढेच सांगितले असेल की शेजारच्या काकूंनी आजारी आईची काळजी घेतली, छान पत्र हवे आहे. त्याला दुपारही ठाऊक नव्हती आणि उघडी दारेही ठाऊक नव्हती. आजारपणातल्या आभारपत्रांमध्ये जे नेहमी आढळते त्यातून त्याने रिकामी जागा भरली आणि वरणभाताचे सूप झाले. 'रात्रंदिवस' हा शब्दही असाच आला आहे. रात्री तुम्ही ठेवलेली बाई होती, आणि हे काकूंना तुमच्याइतकेच ठाऊक आहे. न केलेल्या गोष्टीचे आभार वाचताना माणूस मनातल्या मनात अवघडतो, आणि मग जे खरोखर केले तेही तुमच्या लक्षात राहिले आहे की नाही अशी शंका त्याला येऊ लागते. म्हणून मसुदा तपासताना भाषेच्या आधी तपशील तपासावा. प्रत्येक वस्तू, वेळ आणि कृती यांच्यावर बोट ठेवून 'हे घडले होते का' असे विचारावे. मसुदा 'अधिक वैयक्तिक' करून दे असे यंत्राला सांगितल्यास हा धोका वाढतो, कारण जे त्याला माहीत नाही ते ते रचूनच देणार.

भाषेविषयी थोडे सावधपणे बोलते. 'मनःपूर्वक आभार' हे शब्द दिसले म्हणजे लिखाण यंत्राचे, असे ठरवू नये. आपल्याकडच्या सत्कार समारंभांत आणि स्मरणिकांत हे शब्द पूर्वीपासून आहेत आणि ते हाडामांसाच्या माणसांनीच लिहिलेले आहेत. संशय यावा तो एका विशिष्ट ठेवणीमुळे. 'आभार व्यक्त करू इच्छितो' असे आपण कोणाला तोंडाने म्हणत नाही, ते इंग्रजी शिष्टाचाराचे मराठी रूप आहे. 'केवळ अमुक नसून तमुक', 'या कठीण काळात', 'हृदयात कोरले गेले', आणि प्रेम, आपुलकी, माणुसकी असे तिघांचे शिस्तीत आलेले टोळके, हे सगळे चार वाक्यांत एकत्र आले की तुमच्या पत्नीला आला तसा वास येतो. त्यातही तुमच्या बाबतीत सर्वांत ठळक खूण आहे 'आपण'. लहानपणापासून ज्यांना तुम्ही 'काकू, तुम्ही' म्हणत आला असाल, त्यांना पत्रात एकदम 'आदरणीय काकू, आपण' म्हटले तर समोरच्या दारातून तुमच्याऐवजी बँकेचा माणूस आल्यासारखे त्यांना वाटेल.

यंत्राचे लिखाण ओळखून देणारी साधने असतात, त्यांत मसुदा टाकून पाहावा का, असा मोह तुम्हाला होईल. तो टाळा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच असे साधन जानेवारी 2023 मध्ये आणले होते. कंपनीच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरांपैकी 26 टक्केच त्याला ओळखता आले, आणि माणसाने लिहिलेल्यांपैकी 9 टक्के मजकूर त्याने यंत्राचे ठरवले. एक हजार अक्षरांहून लहान मजकुरावर आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांत ते आणखी कमी भरवशाचे होते. जुलै 2023 मध्ये त्यांनी ते मागे घेतले. त्यानंतर इतरांची साधने आली आहेत, पण चार वाक्यांच्या मराठी पत्रावर त्यांच्यापैकी कोणाचाही निकाल मी मानणार नाही. तुमच्या घरात त्यापेक्षा चांगली परीक्षक आहे, कारण तुम्ही कसे बोलता हे तिला माहीत आहे. मसुदा तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि जेथे तिला हसू येईल तेथे खूण करा.

आता काय घालायचे, याकडे येते. तुम्हाला लिहायची सवय नाही असे तुम्ही म्हणता, परंतु मला लिहिलेल्या पत्रात तुम्ही साडेबारा ही वेळ दिली आहे, ताटात काय होते ते सांगितले आहे, आणि दोन्ही दारे का उघडी राहत हेही एका ओळीत सांगितले आहे. यातले काहीही मसुद्यात नाही. मदत मागताना आपण खरे बोलतो आणि आभार मानताना भाषण करतो, ही आपली जुनी खोड आहे. ती यंत्राच्या कितीतरी आधीची आहे.

एक अडचण मात्र तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. दुपारी तुम्ही तेथे नव्हता. त्या पाच आठवड्यांच्या दुपारींची खरी जाणकार तुमची आई आहे. ठाण्याला जाल तेव्हा तिच्याजवळ निवांत बसा आणि "काकूंनी काय काय केलं" असे विचारण्याऐवजी "दुपारी तुम्ही दोघी काय बोलायचात" असे विचारा. पहिल्या प्रश्नाला "खूप केलं रे तिने" एवढेच उत्तर मिळेल, दुसऱ्याला मात्र एखादी गोष्ट मिळेल, आणि आपल्याला ती एकच हवी आहे. फार तपशील घालू नका, दोन-तीन पुरेत, नाहीतर पत्राची हजेरीवही होते. जे लिहाल ते आईला आधी वाचून दाखवा. हाड मोडलेल्या माणसाची काही मदत अशी असते की करणाऱ्याने ती बोलून दाखवलेली नसते आणि घेणाऱ्याला ती कागदावर नको असते. काकूंच्या घरात ते पत्र त्यांची सूनही वाचू शकते, हे ध्यानात ठेवावे.

तुमच्या मजकुरातूनच मी एक पत्र जुळवून पाहिले आहे.

"काकू,
आई पडल्यानंतरचे पाच आठवडे ऑफिसात साडेबारा वाजले की मला जरा हायसं वाटायचं, कारण तुम्ही वरणभात घेऊन आईकडे गेलेल्या असणार हे ठाऊक होतं. तिची हाक ऐकू यावी म्हणून तुम्ही दोन्ही घरांची दारं उघडी ठेवलीत, हे मला कधीच सुचलं नसतं. (येथे आईने सांगितलेले एक वाक्य.) आई आता काठी घेऊन चालते. पुढच्या रविवारी ती तुमच्याकडे चहाला येणार म्हणते आहे, आणि या वेळी उंबरा ती ओलांडेल."

यातले पहिले वाक्य मी अंदाजाने लिहिले आहे. साडेबारा वाजता तुम्हाला हायसे वाटत असे, की काकूंवर भार टाकल्याची टोचणी लागत असे, हे मला कसे कळणार? खरे असेल ते लिहा, नाहीतर माझे हे वाक्यही सूपच ठरेल. चहाचेही तसेच आहे. आई खरोखर जाणार असेल तरच ते ठेवा. पत्रात 'आभार' हा शब्द एकदाही आलेला नाही, हे तुम्हाला खटकले तर शेवटी "तुमचे उपकार" वगैरे काही जोडू नका. सणावाराला वाकून नमस्कार करत असाल तर "नमस्कार" एवढे लिहून खाली घरातले तुमचे हाकेचे नाव घाला. काकू तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव यंत्राला ठाऊक नव्हते.

पत्र तयार झाले की ते 'नीट करण्यासाठी' पुन्हा यंत्राकडे देण्याचा मोह आवरा. ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यायचे असेल तर हरकत नाही, पण तेवढेच करायला सांगा आणि परत आलेला मजकूर ओळीने ताडून पाहा, कारण 'हायसं वाटायचं' याचे 'दिलासा मिळत असे' कधी झाले ते कळतही नाही. याच्या उलट, माणसाने लिहिल्यासारखे वाटावे म्हणून मुद्दाम चुका पेरण्याची टूम मी अलीकडे पाहिली आहे. काकूंना चुका खुपतील आणि तुमचे काही त्यात दिसणार नाही.

पत्र हाताने लिहा, अक्षर वाईट असले तरी. आणि ते दोन डबे घासूनपुसून परत नेताना रिकामे देऊ नका हे तुमची आई सांगेलच. त्यांत काय भरायचे ते तिलाच ठरवू द्या, आणि चिठ्ठी वरच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवा, म्हणजे तुम्ही निघून ठाण्याहून ऐरोलीची गाडी पकडल्यानंतर काकूंना ती एकटीने वाचता येईल.