कॉलेज बंद पडलं, डिप्लोम्याची पडताळणी कोण करणार?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका खासगी पॉलिटेक्निकमधून 2015 ला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. कॉलेज आता बंद आहे. पुण्यातल्या कंपनीची पडताळणी एजन्सी कॉलेजला मेल करते, उत्तर येत नाही. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. काय करू?

उत्तर : तुमचं प्रमाणपत्र समोर ठेवा आणि सगळ्यात वरची ओळ वाचा. तिथे महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाचं नाव आहे. परीक्षा मंडळाने घेतली, डिप्लोमा मंडळाने दिला. कॉलेजने फक्त शिकवलं. म्हणजे एजन्सी चुकीच्या दारावर थाप मारते आहे.

आजच एचआरला मेल करा : संस्था बंद आहे, प्रमाणपत्र देणारं मंडळ मुंबईला आहे, पडताळणी तिथूनच व्हावी. मग मंडळाच्या संकेतस्थळावर कागदपत्र पडताळणीचा अर्ज पाहा, शुल्कही तिथेच कळेल. अर्ज केल्याची पावती एचआरला पाठवून मुदत वाढवून मागा. मंडळाचं उत्तर थेट एजन्सीच्या मेलवर जाईल असं बघा. तुमच्या हातून गेलेलं पत्र एजन्सी बहुधा धरत नाही.

अर्ज अडकतो तो बारीक चुकांवर. एनरोलमेंट नंबर गुणपत्रिकेवरून जसाच्या तसा उतरवा. दहा आकड्यांत पहिले दोन सहसा प्रवेशाच्या वर्षाचे आणि पुढचे चार संस्थेच्या कोडचे असतात. कॉलेजला कुलूप लागलं तरी मंडळाच्या नोंदीत तुमचा नंबर तोच राहतो. दुसरी चूक वर्षाची. विषय मागे राहून पुढच्या हिवाळी परीक्षेत सुटला असेल, तर उत्तीर्णतेचं सत्र तेच लिहायचं, कोर्स संपल्याचं नाही. नावातलं एखादं अक्षर आधारवर वेगळं असेल तर ते आधीच कळवा.

माजी प्राचार्यांकडून जुन्या लेटरहेडवर पत्र आणू नका, कुणी पैसे घेऊन शिक्का देतो म्हणाला तरी नको. त्या पत्त्यावर फोन उचलायला कुणी नाही, म्हणून असं पत्र उलट संशय वाढवतं.

टीसी किंवा हजेरीचा दाखला हवा असेल तर मात्र तो कॉलेजचा कागद आहे. छत्रपती संभाजीनगरच्या तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दोन गोष्टी मागा : संस्था बंद झाल्याच्या आदेशाची प्रत आणि विद्यार्थी नोंदवही कुणाच्या ताब्यात आहे ते. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. त्याला 30 दिवस लागू शकतात, म्हणून नोकरीची पडताळणी त्यावर टांगून ठेवू नका.

कॉलेज दुसऱ्या संस्थेत विलीन झालं असेल, तरी बायोडाटात प्रमाणपत्रावरचंच जुनं नाव लिहा आणि आताचं नाव कंसात द्या. फक्त नवं नाव लिहिलं, तर एजन्सीला प्रमाणपत्राशी मेळ बसत नाही आणि अहवालात तफावत दिसते.